हप्त्यांच्या उदाहरणात दोन्ही उत्तरं धन: 15 घ्यायचं की 26?

प्रश्न: मुलगी दहावीला आहे. सरावासाठी मैत्रिणीकडून एका पानाचा फोटो मिळालाय. उदाहरण असं आहे: "एका व्यक्तीने 9,?50 रुपयांचे बिनव्याजी कर्ज मासिक हप्त्यांत फेडायचे ठरवले. पहिला हप्ता 1,000 रुपये आणि नंतरचा प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यापेक्षा 50 रुपयांनी कमी. तर कर्ज किती हप्त्यांत फिटेल? शेवटचा हप्ता किती रुपयांचा असेल?" पानाच्या घडीमुळे 9 नंतरचा आकडा 7 आहे की 1 ते कळत नाही, आणि उत्तरांचं पान फोटोत नाही. 7 धरलं तर n = 15 आणि n = 26 अशी दोन उत्तरं येतात. शाळेत ऋण उत्तर सोडून द्यायला शिकवलंय, पण इथे दोन्ही धन आहेत. मग कोणतं घ्यायचं आणि का? त्याच पानावर नाट्यगृहातल्या खुर्च्यांचं उदाहरण आहे (पहिल्या रांगेत 18, पुढच्या प्रत्येक रांगेत 2 जास्त, एकूण 920, तर रांगा किती). तिथे मात्र 23 आणि −40 येतं, म्हणजे अडचण नाही. दोन्हीकडे सूत्र एकच, मग असं का होतं?

उत्तर:

तो आकडा 7 आहे, कर्ज 15 हप्त्यांत फिटतं आणि शेवटचा हप्ता 300 रुपयांचा. तुमचं 26 चुकून आलेलं नाही, समीकरणातून ते बरोबरच निघतं. फक्त ते समीकरणाचं उत्तर आहे, कर्जाचं नाही. दोघांची फारकत नेमकी कुठे होते ते पाहण्यासाठी आधी मांडणी डोळ्यांखालून घालू.

पहिला हप्ता 1000, म्हणून a = 1000. हप्ते कमी होत जातात, म्हणून d = −50. कर्जाची रक्कम म्हणजे सगळ्या हप्त्यांची बेरीज, म्हणून ती Sₙ. काढायचं आहे n.

Sₙ = n/2 [2a + (n − 1)d]

9750 = n/2 [2000 − 50(n − 1)]

9750 = n/2 [2050 − 50n]

9750 = n(1025 − 25n)

दोन्ही बाजूंना 25 ने भागून,

390 = n(41 − n)

n² − 41n + 390 = 0

(n − 15)(n − 26) = 0

25 ने भागायची पायरी गाळू नका. पुष्कळ मुलं 50n² − 2050n + 19500 = 0 इथपर्यंत येतात आणि तिथेच सूत्रात मोठमोठे आकडे घालायला लागतात. मग वर्गमूळ काढताना गाडी अडते. भागून घेतलं की प्रश्न एवढाच उरतो: कोणत्या दोन संख्यांची बेरीज 41 आणि गुणाकार 390? 390 म्हणजे 39 × 10, म्हणजेच 3 × 13 × 2 × 5. त्यांची 15 आणि 26 अशी जोडी लावायला कागदही लागत नाही.

आता पुसट आकड्याकडे येऊ, पण त्याआधी एक सावधगिरी. आकडा नीट दिसत नसला की उत्तर विचित्र आल्याचं खापर त्या आकड्यावर फोडायचा मोह होतो. खरी चूक बहुतेक वेळा मांडणीत असते. म्हणून या उदाहरणात मांडणी चुकली तर काय दिसतं ते आधी माहीत असलेलं बरं.

"50 रुपयांनी कमी" मधलं "कमी" हातून सुटलं आणि d = +50 घेतलं, तर n² + 39n − 390 = 0 हे समीकरण मिळतं. त्याचा विवेचक 1521 + 1560 = 3081. 55 चा वर्ग 3025 आणि 56 चा 3136, म्हणजे 3081 पूर्ण वर्ग नाही आणि हप्त्यांची संख्या पूर्णांकात येत नाही.

d बरोबर घेऊन कंस सोडवताना चिन्ह चुकलं, म्हणजे −50(n − 1) चं −50n + 50 ऐवजी −50n − 50 केलं, तर n² − 39n + 390 = 0 मिळतं. इथे विवेचक 1521 − 1560 = −39, म्हणजे ऋण. मूल वहीत "वास्तव मुळे नाहीत" असं शांतपणे लिहून मोकळं होतं. ही चूक सहज होते आणि उशिरा सापडते, कारण खालची सगळी आकडेमोड बरोबर असते.

तिसरी चूक म्हणजे कर्जाची रक्कम Sₙ ऐवजी tₙ च्या जागी घालणं. तसं केलं तर 1000 − 50(n − 1) = 9750 सोडवून n = −174 मिळतं. ही चूक मात्र स्वतःच ओरडून सांगते. 1000 पासून उतरत जाणाऱ्या हप्त्यांत 9750 चा हप्ता येणार कुठून?

तुमची मांडणी बरोबर आहे, कारण तुम्हाला 15 आणि 26 मिळालेत. म्हणून आता आकड्याबद्दल निर्धास्तपणे बोलता येईल.

7 च्या जागी 1 ठेवून पाहा. कर्ज 9150, त्याला 25 ने भागून 366. समीकरण n² − 41n + 366 = 0 आणि विवेचक 1681 − 1464 = 217. 14 चा वर्ग 196, 15 चा 225, म्हणजे 217 पूर्ण वर्ग नाही. 7 ठेवला तर विवेचक 1681 − 1560 = 121, म्हणजे 11 चा वर्ग. हप्त्यांची संख्या पूर्णांकच असायला हवी, म्हणून 7 आणि 1 यांपैकी 7 च खरा.

217 पूर्ण वर्ग नाही याचा व्यवहारातला अर्थही पाहून घ्या, म्हणजे हे नुसतं गणिती नखरे वाटणार नाहीत. पहिल्या 13 हप्त्यांत 13/2 × (1000 + 400) = 9100 रुपये फिटतात. कर्ज 9150 असतं तर आता फक्त 50 रुपये उरले असते. पण ठरलेल्या क्रमाने 14 वा हप्ता 350 चा आहे. म्हणजे शेवटचा हप्ता क्रम मोडून 50 चा भरावा लागला असता. खऱ्या आयुष्यात असं सर्रास होतं, शेवटचा हप्ता थोडा वेगळा असतो आणि कोणी तक्रार करत नाही. पण उदाहरणात "नंतरचा प्रत्येक हप्ता 50 ने कमी" असं लिहिलंय आणि शेवटचा हप्ताही विचारलाय, म्हणून तिथे क्रम शेवटपर्यंत टिकला पाहिजे.

या युक्तीची मर्यादाही लक्षात असू द्या. त्या जागी 0 ते 9 पैकी कोणताही आकडा असू शकतो असं धरलं, तर 25 ने भागून 362, 366, 370 असं चार-चारने वाढत 398 पर्यंत जाता येतं. यातली कोणती संख्या n(41 − n) या रूपात बसते? 13 × 28 = 364, 14 × 27 = 378, 15 × 26 = 390, 16 × 25 = 400. यांपैकी 378 आणि 390 या दोनच संख्या आपल्या यादीत आहेत. 378 म्हणजे कर्ज 9450 आणि हप्ते 14. म्हणजे गणित फक्त 4 आणि 7 ला वाट देतं, आणि त्यातून 4 वगळायचं काम तुमच्या डोळ्यांनी केलं आहे. आकडा पूर्णच फाटला असता तर गणिताने दोन पर्याय दाखवून हात टेकले असते. तेव्हा मैत्रिणीकडे पान पुन्हा मागणं हाच सरळ मार्ग. मागाल तेव्हा घडीजवळचे शब्दही एकदा बघून घ्यायला सांगा: "कमी" की "जास्त", आणि "बिनव्याजी" हा शब्द खरंच आहे ना. एक आकडा चुकला तर बहुतेक वेळा विवेचक बोंब मारतो, पण एक शब्द चुकला तर कधीकधी सुबक दिसणारं चुकीचं उत्तर मिळतं.

आता मूळ शंका, 26 का नाही.

हप्ते ओळीने लिहून काढा. 1000, 950, 900 असं उतरत 15 वा हप्ता 1000 + 14 × (−50) = 300. तिथपर्यंतची बेरीज 15/2 × (1000 + 300) = 15 × 650 = 9750. कर्ज फिटलं. गोष्ट इथे संपायला हवी, पण समीकरणाला कर्ज, माणूस, महिना यांतलं काहीच माहीत नाही. त्याला एवढंच माहीत आहे की दर वेळी 50 वजा करत जायचं, आणि ते पुढे चालूच राहतं.

16 वा हप्ता 250, मग 200, 150, 100 आणि 20 वा हप्ता 50. या पाच हप्त्यांचे मिळून 750 रुपये जास्तीचे भरले गेले आणि बेरीज 10,500 वर पोचली. 21 वा हप्ता शून्य. 22 वा −50, 23 वा −100, −150, −200, आणि 26 वा −250. उणे 50 रुपयांचा हप्ता म्हणजे काय? कर्ज देणाऱ्यानेच 50 रुपये परत हातावर ठेवायचे. 22 ते 26 या पाच महिन्यांत तो नेमके ते जास्तीचे 750 रुपये परत करतो आणि बेरीज पुन्हा 9750 वर येते. म्हणून 26 हेही समीकरण खरं करतं. आकड्यांच्या दृष्टीने त्यात काही खोट नाही, पण हप्ता म्हणजे आपण भरायची रक्कम, ती ऋण असू शकत नाही. 26 तिथे बाद होतं.

यातून कळतं की "ऋण उत्तर सोडून द्या" हा नियम अर्धाच आहे. n धन पूर्णांक असायला हवा ही पहिली चाळणी. त्या n पर्यंतचं प्रत्येक पद उदाहरणाच्या अर्थाने शक्य असायला हवं ही दुसरी. इथे 26 पहिल्या चाळणीतून निघून गेलं आणि दुसऱ्या चाळणीत अडकलं. शाळेत बहुतेक उदाहरणं पहिल्या चाळणीतच निकालात निघतात, त्यामुळे दुसरी आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

उतरत्या हप्त्यांच्या उदाहरणात दोन धन उत्तरं आली तर दर वेळी लहानच घ्यायचं का? हो, आणि त्याचं कारण एका ओळीचं आहे. S₁₅ आणि S₂₆ सारखे आहेत, याचा अर्थ 16 व्या ते 26 व्या हप्त्यांची, म्हणजे मधल्या 11 हप्त्यांची बेरीज शून्य आहे. 11 धन रकमांची बेरीज शून्य होऊच शकत नाही. म्हणजे त्यांत निदान एक हप्ता तरी धन नाही. एकही हप्ता काढून न बघता 26 बाद करता येतं. शिवाय साधा व्यवहारही तेच सांगतो: कर्ज ज्या महिन्यात पहिल्यांदा पूर्ण फिटलं, तिथेच ते फिटलं. पुढे कोणी हप्ते भरत बसत नाही.

तरी वहीत किंवा परीक्षेत "26 मोठे आहे म्हणून नको" असं लिहून भागत नाही, कारण मोठं असणं हा काही दोष नाही. "26 अमान्य" एवढंच लिहिणंही अपुरं. कारण आकड्यांत दाखवावं:

n = 26 घेतल्यास t₂₆ = 1000 + 25 × (−50) = −250

हप्त्याची रक्कम ऋण असू शकत नाही, ∴ n ≠ 26

∴ n = 15 आणि t₁₅ = 1000 + 14 × (−50) = 300

कर्ज 15 हप्त्यांत फिटेल आणि शेवटचा हप्ता 300 रुपयांचा असेल.

यात t₁₅ काढताना 14 ने गुणलंय हे बघा. n = 15 मिळाल्याच्या आनंदात 15 × 50 वजा करून 250 लिहिणारे कमी नाहीत. तो 16 वा हप्ता झाला. ताळ्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या हप्त्याची सरासरी काढून n ने गुणा: 650 × 15 = 9750. शेवटचा हप्ता 250 लिहिला असता तर 625 × 15 = 9375 आलं असतं आणि चूक लगेच दिसली असती. सोडवताना वापरलेल्याच सूत्राने ताळा घेण्यापेक्षा हा बरा, कारण त्यात tₙ आणि Sₙ दोन्ही एकदम तपासले जातात.

त्या n(41 − n) मध्ये आणखी थोडा माल आहे, तोही घेऊन टाका. दोन मुळांची बेरीज नेहमी 41 असते, कर्जाची रक्कम कोणतीही असो. 41 ही संख्या फक्त 1000 आणि 50 यांच्यावरून ठरते. म्हणून एक मूळ 15 सापडलं की दुसरं 41 − 15 = 26, वेगळं शोधायची गरज नाही. बेरीज मधोमध, म्हणजे 20 आणि 21 पाशी, सर्वांत मोठी असते: 25 × 20 × 21 = 10,500. या पद्धतीने याहून जास्त कर्ज फिटूच शकत नाही. पुस्तकाने कर्ज 10,600 दिलं असतं तर समीकरण n² − 41n + 424 = 0 आणि विवेचक 1681 − 1696 = −15. इथे "वास्तव मुळे नाहीत" हे मांडणीतली चूक नसून खरं उत्तर आहे: 1000 पासून 50 ने उतरणारे हप्ते 10,600 पर्यंत कधी पोचतच नाहीत. त्यामुळे विवेचक ऋण आला की आधी कंसातलं चिन्ह तपासा, आणि ते ठीक असेल तर हप्त्यांची जास्तीत जास्त बेरीज काढून बघा.

कर्ज नेमकं 10,500 दिलं असेल तर मुळे 20 आणि 21 येतात, आणि इथे मुलं खरोखर अडतात, कारण 21 पर्यंत एकही हप्ता ऋण नाही. पण 21 वा हप्ता शून्य रुपयांचा आहे. शून्य रुपये भरायला कोणी जात नाही, कर्ज 20 व्या हप्त्यालाच फिटलेलं असतं. उत्तर 20, आणि t₂₁ = 0 हे कारण शेजारी लिहायचं.

"बिनव्याजी" या शब्दाबद्दल थोडं. तो आहे म्हणून हप्त्यांची बेरीज कर्जाइतकी धरली. अशीच उदाहरणं "9,000 रुपये कर्ज आणि त्यावरील 750 रुपये व्याज" अशा शब्दांतही असतात. तिथे Sₙ म्हणजे दोन्ही मिळून 9750, कारण हप्त्यांतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडायचं असतं. फक्त 9000 घेतले तर 25 ने भागून 360 आणि विवेचक 1681 − 1440 = 241, पूर्ण वर्ग नाही. पुन्हा तीच खूण.

हप्ते दर महिन्याला ठरावीक रकमेने कमी का होतील, असा प्रश्न मुलीने विचारलाच तर तिला एक खरा प्रकार दाखवता येईल. 12,000 रुपये कर्ज, दर महिन्याला 1000 रुपये मुद्दल फेडायचं आणि उरलेल्या मुद्दलावर महिना 1 टक्का व्याज. पहिल्या महिन्यात व्याज 120, दुसऱ्या महिन्यात 11,000 वर 110, तिसऱ्या महिन्यात 100. म्हणजे हप्ते 1120, 1110, 1100 असे दहा-दहाने उतरतात आणि बारावा हप्ता 1010 चा. ही अस्सल अंकगणिती श्रेढी आहे, बेरीज 12/2 × (1120 + 1010) = 12,780, त्यातले 780 व्याजाचे. इथे हप्त्यांची संख्या 12 आधीच ठरलेली असते आणि प्रत्येक हप्त्यात 1000 मुद्दल असतंच, त्यामुळे हप्ता ऋण व्हायचा प्रश्नच येत नाही. बँकेच्या गृहकर्जाचा समान मासिक हप्ता हा मात्र वेगळा हिशोब, तिथे ही सूत्रं लावू नका.

आता नाट्यगृह. a = 18, d = 2, Sₙ = 920.

920 = n/2 [36 + 2(n − 1)] = n(n + 17)

n² + 17n − 920 = 0

(n − 23)(n + 40) = 0

इथे रांगा वाढत जातात, म्हणून एकूण खुर्च्यांची बेरीज चढतच राहते, कधी परत फिरत नाही. 920 हा टप्पा ती पुढे जाताना एकदाच ओलांडते, 23 व्या रांगेला. दुसरं मूळ मागच्या बाजूला, ऋण संख्यांत जाऊन बसतं आणि पहिल्याच चाळणीत अडकतं. हप्त्यांची बेरीज मात्र चढून पुन्हा उतरते, म्हणून 9750 हा टप्पा पुढे जातानाच दोनदा लागतो. सूत्र एकच असलं तरी फरक आहे तो d च्या चिन्हाचा. a धन आणि d धन असेल तर एकच धन मूळ मिळतं. a धन आणि d ऋण असेल तर, उत्तर शक्य असल्यास, दोन्ही मुळे धन निघतात, याला तयार राहायचं. कधीकधी यातलं मोठं मूळ अपूर्णांकात येतं आणि आपोआप सुटतं, त्यामुळे अडचण जाणवत नाही इतकंच.

गंमत अशी की हेच नाट्यगृह मागच्या रांगेपासून मोजलं तर तुमची हप्त्यांची अडचण इथेही उभी राहते. शेवटच्या, 23 व्या रांगेत 18 + 22 × 2 = 62 खुर्च्या. समजा उदाहरण असं असतं: शेवटच्या रांगेत 62, पुढच्या दिशेने प्रत्येक रांगेत 2 कमी, एकूण 920. मग

920 = n/2 [124 − 2(n − 1)] = n(63 − n)

n² − 63n + 920 = 0

(n − 23)(n − 40) = 0

आधी −40 म्हणून सहज टाकून दिलेलं मूळ आता +40 होऊन समोर आलं. इमारत तीच, खुर्च्या त्याच, फक्त मोजायची दिशा बदलली. 40 वी रांग काढून बघा: 62 + 39 × (−2) = −16. मागून 23 रांगा मोजल्या की रंगमंच आला. त्यापुढे 16, 14, 12 असं उतरत कागदावरच्या रांगा शून्यावर येतात आणि मग −2, −4 करत −16 ला पोचतात. त्या 17 रांगांची बेरीज शून्य, म्हणून समीकरणाला 23 आणि 40 यांत फरक दिसत नाही. मुलीला ही दोन्ही रूपं शेजारी-शेजारी सोडवायला द्या, आणि दुसऱ्यात 40 का सोडलं त्याचं कारण t₄₀ काढून तिच्याच हाताने लिहायला सांगा.